खुलासाही नको, अर्जही नको

‘परीक्षकांच्या सूचनेनुसार योग्य ते बदल करण्यात आले आहेत.’ हे वाक्य एका पत्रात अकरा वेळा आलं होतं. मी पेन्सिलीने खुणा करून मोजलं. पत्र इंग्रजीत होतं, पण त्या इंग्रजीच्या खाली मला हेच मराठी वाक्य स्वच्छ दिसत होतं, कारण ते आमच्या सगळ्यांच्या हाडीमाशी खिळलेलं आहे. परभणीत कृषी संशोधनाच्या आसपास आयुष्य काढलेल्या माणसाने ते हजार वेळा वाचलेलं असतं आणि शंभर वेळा लिहिलेलंही असतं.

पत्र एका पीएच.डी.च्या विद्यार्थिनीचं. तिचा सोयाबीनवरचा निबंध एका नियतकालिकाने परत पाठवला होता, सोबत दोन परीक्षकांचे मिळून चौदा मुद्दे आणि एक महिन्याची मुदत. निबंध नाकारला नव्हता. ‘मोठ्या दुरुस्त्या’ असा शेरा होता, आणि आमच्या धंद्यात हा शेरा म्हणजे दार अर्धं उघडं असल्याची खूण. पत्र पाठवण्याआधी ‘सर, एकदा नजर टाका’ म्हणून ती आली. तिची ओळख पटू नये म्हणून प्रयोगाचे तपशील आणि आकडे मी इथे बदलले आहेत, पण हिशेब जुळेल अशाच बेताने.

तिच्या पत्रात एकही उद्धट शब्द नव्हता. उलट, प्रत्येक मुद्द्याच्या सुरुवातीला आभार होते, ‘अत्यंत मौलिक सूचना’ होती, ‘आम्ही ऋणी आहोत’ होतं. तरीही मला ते पत्र अनादराचं वाटलं. तसं का वाटलं, हेच या लेखात सांगायचं आहे.

सरकारी पगारावर वाढलेल्या आपल्या मराठीला उत्तराची तीन पत्रं चांगली येतात. पहिलं विनंती अर्जाचं: वर ‘मा. महोदय’, खाली ‘आपला नम्र’, मध्ये लाचारी. दुसरं ‘कारणे दाखवा’ नोटिशीच्या खुलाशाचं: काहीही कबूल करायचं नाही, प्रत्येक वाक्य असं लिहायचं की पुढे अंगाशी येऊ नये. तिसरं लेखापरीक्षणाच्या आक्षेपांना दिलेलं अनुपालन: डावीकडे आक्षेप, उजवीकडे उत्तर, शेवटी ‘सबब परिच्छेद वगळण्यात यावा’. नियतकालिकाच्या परीक्षकांना मुद्देनिहाय उत्तर लिहायला बसलं की हात आपोआप या तिन्हींकडे वळतो. आभाराच्या ओळी अर्जातून येतात, ‘पान ४ वर दिलेलेच आहे’ हा सूर खुलाशातून येतो आणि ‘योग्य ते बदल करण्यात आले आहेत’ हे अनुपालनातून.

यातलं अनुपालन त्यातल्या त्यात जवळचं. त्यात आक्षेप शब्दशः उतरवून घ्यावा लागतो, ही त्याची मोठी शिस्त. आपल्याकडच्या शास्त्रग्रंथांतही पूर्वपक्ष आधी मांडायचा आणि मग उत्तरपक्ष, अशीच रीत होती. पण अनुपालनाचा हेतू परिच्छेद बंद करण्याचा असतो, आणि परीक्षकांना द्यायच्या पत्राचा हेतू निबंधात काय बदललं ते तपासता यावं हा असतो. ‘योग्य ते’ हे शब्द तपासणी अशक्य करतात. कोणते बदल? कुठे? कोणी केले? कर्ता गायब, कर्म धूसर, ठिकाण नाही. वाचणाऱ्याने आता जुना निबंध एका बाजूला, नवा दुसऱ्या बाजूला ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहायची. परीक्षकाला या कामाचे पैसे सहसा मिळत नाहीत. तो आपली संध्याकाळ देतो. त्याचे संध्याकाळचे दोन तास वाया घालवणारं पत्र कितीही ‘ऋणी’ असलं तरी मी त्याला नम्र म्हणणार नाही.

आता प्रयोगाकडे येतो. परभणीची काळी भारी जमीन तुम्हाला ठाऊक असेल. पाऊस जास्त झाला की पाणी धरते, पिकाची मुळं गुदमरतात, आणि ऑगस्टमध्ये पावसाने ताण दिला की हात जाईल एवढ्या भेगा पडतात. या दोन्ही दुखण्यांवर रुंद सरी वरंबा पद्धत सांगितली जाते: पीक रुंद गादीवर, दोन्ही अंगांना सऱ्या. जादा पाणी सरीतून निघून जातं आणि थोडा पाऊस सरीत मुरतो. तिच्या प्रयोगात चार प्रकार होते: सपाट पेरणी, सपाट पेरणी करून महिन्याभराने ओळींमध्ये काढलेल्या सऱ्या, रुंद सरी वरंबा, आणि रुंद सरी वरंब्यावर काडाचं आच्छादन. तीन पुनरावृत्ती, दोन खरीप हंगाम. असे प्रयोग आमच्याकडे पोत्याने होतात आणि त्यात वावगं काही नाही.

दुसऱ्या परीक्षकाचा पहिला मुद्दा असा होता: ‘लेखक ओलाव्याबद्दल बोलतात, पण पावसाची आकडेवारी दिलेली नाही.’ तिचं मूळ उत्तर: ‘पावसाची आकडेवारी पान ४ वर दिलेलीच आहे.’ ते खरं होतं. मी पान ४ उघडलं. तिथे दोन्ही हंगामांचा एकूण पाऊस मिलिमीटरमध्ये होता, एका वाक्यात.

“सर, त्यांनी वाचलंच नाही,” ती म्हणाली.

मी विचारलं, “एकूण पावसावरून ऑगस्टमधला ताण कळतो का?”

ती गप्प बसली. मग म्हणाली, “नाही. आठवड्यावार द्यायला पाहिजे होता.”

परीक्षकाचं वाक्य चुकीचं होतं, पण त्याची अडचण खरी होती. त्याला पाऊस हवा होता तो सोयाबीनच्या फुलोऱ्याच्या आणि शेंगा धरण्याच्या दिवसांतला. हंगामाचा एकूण आकडा त्याला काहीच सांगत नव्हता, म्हणून त्याच्या लेखी तो दिलेलाच नव्हता. परीक्षक जेव्हा ‘दिलेलं नाही’ म्हणतो आणि ते दिलेलं असतं, तेव्हा दहातल्या आठ वेळा ते चुकीच्या जागी किंवा चुकीच्या रूपात दिलेलं असतं. उरलेल्या दोन वेळा त्याने खरंच वाचलेलं नसतं. पण त्या दोन वेळांतही उत्तर बदलत नाही, कारण एका जाणत्या माणसाच्या नजरेतून जे सुटलं ते इतरांच्याही सुटणार.

बदललेलं उत्तर आम्ही असं लिहिलं, इथे मराठीत देतो: ‘मूळ निबंधात आम्ही फक्त हंगामाचा एकूण पाऊस दिला होता. त्यावरून पावसाच्या खंडाचा अंदाज येत नाही. आता तक्ता २ मध्ये दोन्ही हंगामांचा २६ ते ४० या हवामान आठवड्यांचा पाऊस दिला आहे. दुसऱ्या हंगामात ३१ ते ३३ या आठवड्यांत पडलेल्या खंडाचा उल्लेख ओळ ११२ ते ११६ मध्ये केला आहे.’ यात आभार नाहीत. ‘आपण वाचलं नाही’ हेही नाही आणि ‘आमची घोर चूक झाली’ हेही नाही. काय होतं, ते का अपुरं होतं, आता काय आहे, कुठे आहे, एवढंच. अशा चार गोष्टी आल्या की परीक्षक दोन मिनिटांत पुढच्या मुद्द्यावर जातो.

दुसरा मुद्दा अवघड होता, आणि माझ्या मते पत्राची खरी परीक्षा तिथेच होती. परीक्षकाने लिहिलं होतं: ‘त्रुटीचे स्वातंत्र्यांश फक्त ६ आहेत. एवढ्यावर आच्छादनाचा फायदा सिद्ध होत नाही.’ ज्यांचा संख्याशास्त्राशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं थांबून सांगतो. दोन वाफ्यांच्या उत्पादनात फरक पडला तर तो पद्धतीमुळे पडला की जमिनीच्या चढउतारामुळे, हे ठरवायला आधी निव्वळ योगायोगाने किती फरक पडतो याचा अंदाज लागतो. तो अंदाज किती भरवशाचा आहे हे स्वातंत्र्यांशांवरून कळतं. यादृच्छिक गट रचनेत प्रकारांच्या संख्येतून एक वजा, पुनरावृत्तींच्या संख्येतून एक वजा, आणि दोन्हींचा गुणाकार. चार प्रकार, तीन पुनरावृत्ती: तीन गुणिले दोन, सहा. कृषी प्रयोगांत ते किमान १२ असावेत असा रूढ संकेत आहे. पाच पुनरावृत्ती घेतल्या असत्या तर बरोबर १२ झाले असते. पण प्रयोग संपला होता आणि शेतात हरभरा उभा होता.

इथे तिचं उत्तर होतं: ‘परीक्षकांच्या सूचनेनुसार सांख्यिकी विश्लेषण सुधारण्यात आले आहे.’ मी विचारलं, काय सुधारलं? तिने एक तक्ता नव्याने टाकला होता, पण निष्कर्षाला हात लावलेला नव्हता.

मार्ग होता. तिने दोन्ही हंगामांचं विश्लेषण वेगवेगळं केलं होतं. एकत्रित विश्लेषण केलं तर दोन्ही वर्षांचे सहा-सहा मिळून त्रुटीचे स्वातंत्र्यांश १२ होतात. त्याला दोन अटी असतात. एक, दोन्ही वर्षांतला योगायोगाचा फरक एकाच मापाचा असावा. तिच्या दोन वर्षांच्या त्रुटींचं गुणोत्तर १.८ आलं, ते सारणीतल्या मर्यादेच्या बरंच खाली होतं, म्हणजे चालतं. दुसरी अट अशी की पद्धतींचा क्रम वर्षागणिक उलटासुलटा होऊ नये, म्हणजे वर्ष आणि प्रकार यांची परस्परक्रिया लक्षणीय नसावी. ती लक्षणीय नव्हती. मग तिने एकत्रित आकडे काढले आणि तिचा चेहरा उतरला.

दुसऱ्या, कोरड्या वर्षी आच्छादनाने हेक्टरी १.६ क्विंटल जास्त दिले होते आणि त्या वर्षीचा क्रांतिक फरक, म्हणजे आमच्या बोलीत सीडी, १.५ होता. फरक सीडीच्या वर, म्हणून लक्षणीय. या एका आकड्यावर निबंधाचा सारांश उभा होता. पण पहिल्या वर्षी फरक फक्त ०.२ होता. दोन्हींची सरासरी ०.९, आणि एकत्रित सीडी १.१. फरक आता सीडीच्या आत आला. रुंद सरी वरंबा सपाट पेरणीपेक्षा सरस हा निष्कर्ष टिकला, उलट भक्कम झाला. पण आच्छादनाचा निष्कर्ष गेला.

“सर, हे पत्रात कसं लिहायचं? आपणच आपला निष्कर्ष काढून टाकला असं दिसेल.”

दिसू द्यावं. परीक्षकाने बरोबर हेरलं होतं, हे कबूल करण्याची यापेक्षा सच्ची रीत कोणती? ‘मौलिक सूचना’ हे विशेषण आहे. सूचनेमुळे आपण एक दावा मागे घेतला, ही कृती आहे. पत्रातलं उत्तर असं झालं: ‘परीक्षकांचा आक्षेप रास्त आहे. एका वर्षाच्या विश्लेषणात त्रुटीचे स्वातंत्र्यांश ६ होते. आता दोन्ही वर्षांचे एकत्रित विश्लेषण केले असून ते १२ आहेत (तक्ता ४). त्रुटींची एकरूपता तपासल्याचे ओळ १४१ ते १४४ मध्ये नोंदवले आहे. एकत्रित विश्लेषणात आच्छादनामुळे आलेली ०.९ क्विंटलची वाढ लक्षणीय ठरत नाही. म्हणून आच्छादनाची शिफारस आम्ही मागे घेतली आहे: सारांश (ओळ १९ ते २१), चर्चा (ओळ २३८ ते २४६) आणि निष्कर्ष (ओळ २८७). कोरड्या वर्षी दिसलेला फरक पुढील तपासणीचा विषय म्हणून नोंदवला आहे.’

तीन ठिकाणांची नावं लिहिली म्हणून ती तीन ठिकाणं पाहावी लागली. आणि तेव्हा कळलं की सारांशात ‘१.६ क्विंटल’ जसंच्या तसं बसलेलं होतं. ही चूक इतकी नित्याची आहे की मी ती शोधण्याची एक पद्धतच ठरवून टाकली आहे. निबंधातला एखादा आकडा बदलला की जुना आकडा शोधपेटीत टाकून संपूर्ण फाइल धुंडाळायची: सारांशात, आकृतीखालच्या मजकुरात, निष्कर्षात, आणि ज्याला लोक नेहमी विसरतात त्या ‘ठळक मुद्दे’ नावाच्या वेगळ्या पानावर. तक्ता बदलतो, सारांश जुनाच राहतो, आणि परीक्षक सर्वात आधी सारांशच वाचतो.

ओळींच्या क्रमांकांचंही असंच. नव्या निबंधाच्या, दुरुस्त्या दाखवणारी फाइल आणि स्वच्छ फाइल अशा दोन प्रती पाठवायच्या असतात, आणि खोडलेला मजकूर दिसत राहिल्यामुळे दोन्हींत ओळींचे क्रमांक वेगळे पडतात. पत्राच्या डोक्यावर एकदाच लिहावं की क्रमांक स्वच्छ प्रतीचे आहेत. आणि ते भरावेत अगदी शेवटी, निबंधाला परत हात लावायचा नाही असं ठरल्यावर. आधी भरले की एक परिच्छेद वाढतो आणि खालचे सगळे आकडे खोटे पडतात.

आता नकाराबद्दल. परीक्षकाचं सगळंच ऐकायचं असेल तर पत्राची गरज काय, नुसता निबंध पाठवावा. पहिल्या परीक्षकाने लिहिलं होतं की ओळींमधलं ४५ सेंटिमीटर अंतर जास्त आहे, ३० ठेवायला हवं होतं. तिचं मूळ उत्तर अर्जाच्या सुरातलं: ‘पुढील प्रयोगात आपल्या सूचनेचा अवश्य विचार करू.’ हे मला सगळ्यात खटकलं. तिला ते पटलेलं नव्हतं, पुढच्या प्रयोगात ती विचार करणार नव्हती, आणि तिचं म्हणणं बरोबर होतं. आमच्या भागात सोयाबीनची शिफारस ४५ बाय ५ सेंटिमीटरची आहे, आणि तिने वापरलेल्या पेरणी यंत्राचे फणही त्याच अंतरावर बसवलेले होते. परीक्षक कदाचित दुसऱ्या मातीतला, लवकर येणाऱ्या वाणांवर काम केलेला असेल.

खोटा होकार हा नकारापेक्षा जास्त अपमानकारक असतो, कारण त्यात समोरच्याला युक्तिवादाच्या लायकीचं मानलेलं नसतं. आम्ही लिहिलं: ‘४५ × ५ सेंटिमीटर हे अंतर आम्ही कायम ठेवले आहे, कारण या विभागासाठी तीच शिफारस आहे आणि चारही प्रकारांत ते समान असल्याने प्रकारांच्या तुलनेवर त्याचा परिणाम होत नाही. मूळ निबंधात हे कारण दिलेले नव्हते, ते आता ओळ ९४ ते ९६ मध्ये दिले आहे.’ शेवटचं वाक्य महत्त्वाचं. आपण नकार दिला तरी निबंधात काहीतरी बदललं पाहिजे. निदान परीक्षकाला जो प्रश्न पडला तो पुढच्या वाचकाला पडू नये एवढी एक ओळ. काहीच न बदलता नुसता पत्रात वाद घातला तर ते उत्तर दोन-तीन माणसांच्या टपालात राहतं आणि वाचकापर्यंत पोचत नाही.

याच परीक्षकाने दुसरीकडे म्हटलं होतं की मराठवाड्यासाठी शिफारस करायची तर प्रयोग अनेक ठिकाणी हवा होता. ते निर्विवाद होतं आणि अशक्यही. त्यावर उपाय स्वस्त होता: शीर्षकातून ‘मराठवाडा’ काढला आणि ‘परभणीची काळी भारी जमीन’ घातली. दावा आखडता घेणं याला आपल्याकडे हार समजतात. माझं मत उलट आहे, आणि त्याला परभणीचंच उदाहरण आहे. ‘परभणी क्रांती’ ही भेंडी १९८० च्या दशकात इथूनच निघाली. भेंडीची एक रानटी जात आणि ‘पुसा सावनी’ यांच्या संकरातून केवडा रोगाला तोंड देणारं वाण हाती आलं आणि देशभर गेलं. पुढे ठिकठिकाणी तिची रोगप्रतिकारशक्ती टिकली नसल्याची निरीक्षणं आली. म्हणून मूळ काम खोटं ठरलं नाही, कारण प्रतिकाराचा दावा नेहमी त्या काळच्या विषाणूपुरता आणि जिथे तपासलं त्या रानापुरता असतो. परीक्षक ‘कुठे? केव्हा?’ विचारतो तेव्हा तो हेच विचारत असतो.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो फेटाळण्यासारखा नाही. परीक्षक अनामिक, लेखकाचं नाव मात्र बहुधा समोर; तो कसंही लिहील, आपण मात्र प्रत्येक शब्द तोलायचा, ही कुठली समानता? आइन्स्टाइनलाही हे पटलं नव्हतं. १९३६ मध्ये त्याने रोझेनबरोबर लिहिलेला गुरुत्वीय लहरींवरचा निबंध ‘फिजिकल रिव्ह्यू’कडे पाठवला. संपादक टेट यांनी तो परीक्षकाला दाखवला आणि त्याचे आक्षेप आइन्स्टाइनला कळवले. आपण निबंध छापायला दिला होता, छापण्याआधी तज्ज्ञांना दाखवायला नव्हे, असं कळवून त्याने तो परतच मागवला. अशा लहरी अस्तित्वात नाहीत असा त्या निबंधाचा निष्कर्ष होता. पुढच्या वर्षी तो फ्रँकलिन इन्स्टिट्यूटच्या नियतकालिकात छापला गेला तेव्हा निष्कर्ष बदललेला होता. परीक्षक रॉबर्टसन हे होते आणि त्यांचं बरोबर होतं.

या गोष्टीतून मी अनामिकतेचं समर्थन काढत नाही. विषमता आहेच. पण एक गोष्ट विसरायला होते: पत्र परीक्षकाला उद्देशून असलं तरी निवाडा संपादक करतो. त्याच्यासमोर परीक्षकाचा तुसडा मुद्दा आणि आपलं उत्तर शेजारी शेजारी असतं. तुसडेपणाला तुसडेपणाने उत्तर दिलं की त्याच्यासमोर दोन भांडखोर उभे राहतात. दोन परीक्षक परस्परविरुद्ध बोलत असतील तरीही तसंच. तिच्याकडे एकाला चर्चा लांब वाटत होती, दुसऱ्याला आखूड. तिने दोघांनाही होकार दिला होता! आम्ही दोन्ही ठिकाणी एकमेकांचा उल्लेख केला, काय कापलं आणि काय वाढवलं ते लिहिलं, आणि संपादकाला लिहिलेल्या स्वतंत्र पत्रात हा विरोध एका वाक्यात उघड मांडला.

शेवटी पत्रात आभार एकदाच राहिले, सुरुवातीला, दोन ओळींत. अकरा ‘योग्य ते बदल’ गेले. पत्र सहा पानांचं होतं ते नऊ पानांचं झालं, आणि तरी वाचायला निम्मा वेळ लागू लागला.

सात आठवड्यांनी उत्तर आलं. दुसऱ्या परीक्षकाने एकच मुद्दा पाठवला होता: तक्ता २ मधल्या आठवड्यांची बेरीज पान ४ वरच्या एकूण पावसाशी ४ मिलिमीटरने जुळत नाही. तिने फोन केला, हसत होती. ३८ व्या आठवड्यात एक आकडा उतरवताना चुकला होता. दुसऱ्या फेरीचं पत्र तिने मला दाखवलं नाही, तीन ओळींचं होतं म्हणाली.